तडजोड हुकूमनाम्याचा गोषवारा: कोणी काय सोडलं, आणि ते हाती कसं घ्यायचं

गेल्या उन्हाळ्यात एक ताई माझ्याकडे आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला हुकूमनामा होता. म्हणाल्या, "वकीलसाहेब, नऊ पानं हायेत. याच्यात माहे पैसे कुठं लिवले, तेवढंच दाखवा." त्यांच्या दोन्ही भावांकडेही हाच कागद होता आणि प्रत्येकाला त्यातली आपल्या सोयीची ओळ पाठ होती. कागद तिघांच्या सह्यांचा, पण त्यात नेमकं काय ठरलं हे तिघंही वेगवेगळं सांगत होते.

यवतमाळ, वाशिम, अकोला, बुलडाणा अशा भागात तालुक्याच्या कोर्टात शेतीचे दावे बरेचदा तडजोडीने मिटतात. कागद मिटवण्याच्या घाईत लिहिला जातो. त्याचा एका पानाचा गोषवारा करायचा झाला तर सोपं काम वाटतं, पण त्यातच माणसं चुकतात. नवे वकील, मुन्शी, आणि गावात चार लोकांचे कागद वाचून देणारा शिकलेला पोरगा, यांच्यासाठी मी माझी पद्धत इथे मांडतो. ताईंचंच प्रकरण घेतो. ओळख पटू नये म्हणून गट, आकडे, तारखा बदलल्या आहेत.

प्रकरण

वडिलांची 3 हेक्टर 24 आर कोरडवाहू काळी जमीन, साधारण आठ एकर. तीत एक विहीर. आईवडील वारलेले, मागे दोन भाऊ आणि एक बहीण. जमीन थोरल्याच्या वहिवाटीत. धाकट्याने वाटणीचा दावा लावला: एक तृतीयांश हिस्सा, त्याचा स्वतंत्र ताबा, विहिरीत हिस्सा आणि मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नातला वाटा. थोरल्याने कैफियतीत लिहिलं की वडिलांच्या हयातीतच तोंडी वाटणी झाली, विहीर आपण कर्ज काढून खोदली, धाकट्याचं काही उरलेलं नाही. बहीण प्रतिवादी क्रमांक 2. तिने आपलाही तिसरा हिस्सा मागितला.

12 ऑगस्ट 2024 रोजी तडजोडपत्र दाखल झालं. त्यात थोडक्यात असं होतं: दक्षिणेकडचा 1 हेक्टर 20 आर धाकट्याला, उत्तरेकडचा 2 हेक्टर 4 आर विहिरीसह थोरल्याला. बहिणीने हिस्सा सोडला, त्याबदली थोरल्याने तिला 3 लाख द्यायचे. धाकट्याच्या भागात जायला पूर्वेच्या धुऱ्याने रस्ता. विहिरीचं पाणी. शिवाय गावातली एक रिकामी जागा थोरल्याकडून धाकट्याला.

सगळे कागद हाती घ्या

नुसत्या हुकूमनाम्यावरून गोषवारा करू नका. दावा, दोन्ही कैफियती, तडजोडपत्र, त्याखालचा न्यायाधीशांचा आदेश आणि तयार झालेला हुकूमनामा, एवढं लागतं. तडजोडीला नकाशा जोडलेला असेल तर तोही. झेरॉक्स चालतात, पण दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, करायची वेळ आली की प्रमाणित नक्कल लागेल, म्हणून नक्कल विभागात अर्ज आत्ताच टाकून ठेवा.

दावा आणि कैफियत कशाला, असं मुन्शी दर वेळी विचारतात. कारण कोणी काय सोडलं हे तडजोडपत्रात पूर्ण लिहिलेलं नसतं. तिथे भर काय मिळालं यावर असतो. मागितलं किती होतं हे दाव्यात आणि कैफियतीत असतं, आणि या दोन्हीतला फरक म्हणजे सोडलेलं.

आधी आदेशाची ओळ वाचा

कलमांकडे वळण्याआधी तडजोडपत्राखालचा आदेश पाहा. "तडजोडपत्र निशाणी 47 नोंदवले. तडजोडीप्रमाणे हुकूमनामा करण्यात यावा. तडजोडपत्र हुकूमनाम्याचा भाग राहील." असं असेल तर पाया पक्का. पण काही वेळा एवढंच असतं: "पक्षकारांत तडजोड झाली. दावा निकाली." किंवा वादीने दावा काढून घेतल्याची पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, आणि त्यावर "मंजूर". अशा वेळी हातात आपसातला करार उरतो, हुकूमनामा नसतो. तो मोडला तर दरखास्त लागत नाही, पुन्हा दावा करावा लागतो. गोषवाऱ्याच्या पहिल्या ओळीत हाच फरक लिहायचा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 प्रमाणे तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची हवी आणि कोर्टाची ती कायदेशीर असल्याची खात्री व्हायला हवी. लेखी आणि सहीची ही अट 1976 च्या दुरुस्तीने आली. म्हणून सह्या मोजा. कोणाची सही, कोणाचा अंगठा, कोणाच्या वतीने वकिलाने सही केली आणि वकिलाला तसा अधिकार वकीलपत्रात आहे का. पक्षकारांत अज्ञान मूल असेल तर त्याच्या वतीने तडजोडीला कोर्टाची वेगळी परवानगी लागते (आदेश 32, नियम 7). ती नसेल तर मोठा झाल्यावर ते मूल तडजोड उलटवू शकतं. आपल्या प्रकरणात तिघंही सज्ञान, तिन्ही सह्या जागेवर, आदेशाची ओळ स्पष्ट.

लोकअदालतीत मिटलं असेल तर हुकूमनाम्याऐवजी निवाडा मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 21 ने त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ आहे, त्यावर अपील नाही. कलमं वाचण्याचं आणि अंमलबजावणीचं पुढचं बहुतेक त्यालाही लागू पडतं.

सोडलेलं मोजायचं कसं

प्रत्येक माणसासाठी तीन प्रश्न: काय मागत होता, काय मिळालं, काय गेलं. आकड्यांत.

एक तृतीयांश म्हणजे 1 हेक्टर 8 आर. धाकट्याला मिळाले 1 हेक्टर 20 आर, म्हणजे हिस्स्यापेक्षा 12 आर जास्त. वरवर तो जिंकला. पण त्याने विहिरीची मालकी सोडली आणि तीन वर्षांच्या उत्पन्नाचा वाटा सोडला. हा वाटा सोडल्याचं तडजोडपत्रात कुठेही नाही. दाव्यात मागणी होती, तडजोडीत ती आलीच नाही आणि दावा तडजोडीप्रमाणे मिटला, म्हणजे ती गेली. अशी न बोलता सुटलेली मागणी गोषवाऱ्यात ठळक लिहायची, कारण दोन वर्षांनी पक्षकार हमखास विचारतो, "अन् त्या मागच्या पिकाचं काय?"

थोरल्याने तोंडी वाटणीचा पवित्रा सोडला, म्हणजे सगळी जमीन आपली हा दावा सोडला. 1 हेक्टर 20 आर सोडले, 3 लाख देण्याचं आणि गावातली जागा देण्याचं कबूल केलं. मिळालं काय? स्वतःच्या 1 हेक्टर 8 आरवर आणखी 96 आर, आणि विहीर एकट्याच्या नावे.

ही 96 आर आणि धाकट्याचे 12 आर मिळून होतात 1 हेक्टर 8 आर. तो बहिणीचा पूर्ण हिस्सा. म्हणजे बहिणीची जमीन दोघांनी घेतली आणि पैसे देणार एकटा थोरला. यात गैर काही नाही. विहीर थोरल्याला मिळाली म्हणून धाकट्याला 12 आर वाढवून मिळाले असतील. पण हा हिशेब मांडल्याशिवाय तडजोडीचा तोल कळत नाही. बहिणीचा सौदा स्वस्तात झाला की बरा, हे गोषवारा सांगत नाही. तिने 1 हेक्टर 8 आरचा हक्क 3 लाखांना सोडला एवढं लिहून थांबायचं. त्यापुढचं मत वेगळ्या कागदावर.

क्रियापद पाहा

आता एकेक कलम. वाक्याच्या शेवटचं क्रियापद पाहायचं. "देईल", "काढेल", "अडथळा करणार नाही" अशा शब्दांत हुकूम असतो. "देण्यास तयार आहे", "सहकार्य करतील", "सलोख्याने राहतील" यांत नसतो. दरखास्त कोर्ट हुकूमनाम्याचा अर्थ लावू शकतं, त्यासाठी दावा-कैफियतही पाहू शकतं, पण त्यात नव्याने भर घालू शकत नाही.

*ताबा.* "प्रतिवादी क्रमांक 1 हे जोडलेल्या नकाशातील अ-ब-क-ड भागाचा ताबा वादीस 31 मार्च 2025 पर्यंत देतील." चांगलं कलम. भाग ठरलेला, नकाशा जोडलेला, तारीख कापूस आणि तूर घरी आल्यानंतरची. ताबा दिला नाही तर आदेश 21, नियम 35 खाली दरखास्त करायची आणि बेलिफ येऊन ताबा देतो. पण "वादीस एक तृतीयांश हिस्सा मिळेल" एवढंच लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. सारा भरणाऱ्या शेतजमिनीची सरसनिरस वाटणी संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसीलला, मग भूमि अभिलेखाची मोजणी. वर्षं जातात. म्हणून गोषवाऱ्यात लिहा: भाग ठरलेला आहे, की फक्त हिस्सा.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वाटणीचा अंतिम हुकूमनामा मुद्रांकावर उतरवावा लागतो. तो मुद्रांक भरायचं राहून गेलं तरी दरखास्तीची बारा वर्षांची मुदत थांबत नाही, ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून चालते. सर्वोच्च न्यायालयाने हमीद जोहरन विरुद्ध अब्दुल सलाम या 2001 च्या निकालात हे स्पष्ट केलं. तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, पण मुद्रांकाची वाट पाहत कोणी बसू नये.

*रस्ता.* "प्रतिवादी क्रमांक 1 हे पूर्वेच्या धुऱ्यालगत पांदण रस्त्यापासून वादीच्या भागापर्यंत दहा फूट रुंद रस्ता मोकळा करतील, त्यावरील तारेचे कुंपण 30 नोव्हेंबर 2024 पर्यंत काढतील आणि वादीच्या बैलगाडी, ट्रॅक्टरच्या येण्याजाण्यास अडथळा करणार नाहीत." एका वाक्यात दोन हुकूम आहेत, आणि गोषवाऱ्यात ते वेगळे काढायलाच हवेत. कुंपण काढणं हा काहीतरी करण्याचा हुकूम. त्याची अंमलबजावणी मुदत कायद्याच्या अनुच्छेद 135 प्रमाणे फक्त तीन वर्षांत मागता येते, इथे 30 नोव्हेंबर 2027 पर्यंत. अडथळा न करणं हा कायमचा मनाई हुकूम. त्याच्या दरखास्तीला मुदत नाही.

बारा वर्षं आहेत म्हणून लोक निवांत राहतात आणि कुंपणाची तीन वर्षं निघून जातात. अंमलबजावणी दोन्हींची आदेश 21, नियम 32 खाली. समोरच्याला पाळण्याची संधी होती आणि त्याने जाणूनबुजून पाळलं नाही, हे दाखवावं लागतं. मग मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद. पोटनियम 5 प्रमाणे कोर्ट कुंपण दुसऱ्याकडून काढून घेऊन खर्च त्याच्या माथी मारू शकतं. हा पोटनियम मनाई हुकुमालाही लागू आहे, हे 2002 च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. उद्या थोरल्याने रस्त्यावर काट्यांची फांदी टाकली तरी ती हटवून घेता येते.

संधी दिली होती हे सिद्ध कसं करायचं? कुंपणाची तारीख उलटली की आठ दिवसांत वकिलाची नोटीस पोचपावती मिळेल अशा पोस्टाने, सोबत तारखेसह फोटो. गावच्या बैठकीत तोंडी सांगितलं होतं, यावर मदार ठेवू नका. साक्षीला कोणी येत नाही.

*पाणी.* इथे कागद फसला. कलम असं: "प्रतिवादी क्रमांक 1 हे वादीस विहिरीचे पाणी देण्यास तयार आहेत. मोटारीचे बिल दोघे भरतील." किती दिवस, कोणत्या हंगामात, दिवसा की रात्री, बिल निम्मं-निम्मं की वापराप्रमाणे, काहीच नाही. वीजजोडणी थोरल्याच्या नावे, तेव्हा पाणी बंद करायला त्याला फक्त बटन दाबायचं. धाकटा मला म्हणाला, "आम्ही तं आठवड्यातून दोन दिवस बोललो व्हतो, साहेब." बोलले असतील. कागदात नाही.

अशा कलमासमोर मी लिहितो: "अंमलबजावणी शंकास्पद." संहितेच्या कलम 152 खाली फक्त लेखनिकी चूक सुधारता येते, ठरावात नसलेली पाळी घालता येत नाही. दोघांची तयारी असेल तर पाळ्या ठरवणारा वेगळा लेखी करार करणं बरं, पण तो करार राहतो, हुकूमनामा होत नाही. सहीआधी हेच कलम असं लिहिता आलं असतं: "वादी दर सोमवारी आणि गुरुवारी, वीज असेल त्या वेळेत, विहिरीवरील मोटारीने पाणी घेईल. प्रतिवादी क्रमांक 1 त्यास अडथळा करणार नाहीत. बिलाचा एक तृतीयांश वादी भरेल." तुमच्याकडे तडजोड सहीआधीच आली असेल तर गोषवारा तेव्हाच करा. भोकं त्याच वेळी दिसतात.

*गावातली जागा.* ही दाव्यात नव्हती. थोरल्याने स्वतः विकत घेतलेली, त्याच्याच नावाची. तडजोडीत आली: "सदर जागा यापुढे वादीच्या मालकीची राहील." 1976 नंतरच्या नियमाप्रमाणे दाव्याबाहेरची गोष्टही तडजोडीत घेता येते, पण नोंदणी कायद्याच्या कलम 17(2)(vi) मध्ये सूट फक्त दाव्यातल्या मिळकतीला आहे. दाव्याबाहेरच्या स्थावर मिळकतीवर नवा हक्क निर्माण होत असेल तर हुकूमनाम्याची नोंदणी लागते. शेतजमिनीची लागत नाही, कारण ती दाव्यात होती आणि हक्क आधीपासून होता. जागेची लागते. त्यासाठी हुकूमनाम्याच्या तारखेपासून चार महिने, म्हणजे 12 डिसेंबर 2024. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून दाखल करता येतं. धाकट्याने ते केलं नव्हतं. ग्रामपंचायतीत नाव चढेना तेव्हा माझ्याकडे आला, तोवर आठही महिने उलटले होते.

कलम "थोरला खरेदीखत करून देईल" असं असतं तर रस्ता वेगळा होता: तो टाळायला लागला तर आदेश 21, नियम 34 प्रमाणे कोर्टच दस्त करून देतं. "राहील" आणि "करून देईल" यांत एवढं अंतर आहे.

*बहिणीचे पैसे.* "प्रतिवादी क्रमांक 2 ने आपला हक्क सोडला असून त्याबदली प्रतिवादी क्रमांक 1 तिला 3 लाख रुपये देतील. पैकी 1 लाख आज मिळाले. उरलेले 2 लाख 31 जानेवारी 2025 पर्यंत देतील. न दिल्यास द.सा.द.शे. 9 व्याज." पुन्हा क्रियापद. हक्क "सोडला" आहे, पैसे "देतील". पैसे नाही आले तरी जमीन परत येत नाही, ती फक्त पैसे वसूल करू शकते. "रक्कम पूर्ण मिळाल्यावर हक्क सुटेल" असं असतं तर चावी तिच्या हाती राहिली असती. जमिनीवर बोजाही ठेवलेला नाही. ठेवला असता तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घेता आली असती आणि थोरल्याला जमीन गुपचूप विकता आली नसती. आता तिच्याकडे उपाय म्हणजे पैशाची दरखास्त आणि लवकर जप्ती. संहितेच्या कलम 60 प्रमाणे शेतकऱ्याची अवजारं, कामाचे बैल, राहतं घर जप्तीतून सुटतात. जमीन सुटत नाही. कैद हा मार्गही आहे, पण त्याआधी ऋणकोची ऐपत असून तो देत नाही हे दाखवावं लागतं, त्यामुळे जमिनीची जप्ती सहसा लवकर फळते. हुकूमनाम्यापासून दोन वर्षांच्या आत दरखास्त केली तर आदेश 21, नियम 22 ची आधीची नोटीसही लागत नाही.

याच तडजोडीत आणखी एक वाक्य होतं: "पक्षकार एकमेकांविरुद्धच्या पोलिस तक्रारी मागे घेतील." फौजदारी प्रकरण दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याने बंद होत नाही. एका ओळीत तसं लिहून पुढे जायचं.

गोषवारा लिहायला घेतल्यावर

मी वहीचं एक पान आडवं धरतो. माझ्या मुन्शीने लिहिलेला याच प्रकरणाचा मधला भाग असा होता:

"बहीण. मागणी: 1 हे. 8 आर. मिळालं: 3 लाख, पैकी 1 लाख आदेशाच्या दिवशी. सोडलं: जमिनीतला पूर्ण हक्क, लगेच, बिनशर्त. बाकी: 2 लाख, थोरल्याकडून, 31-1-2025. चुकल्यास: 9 टक्के व्याज, दरमहा 1,500. बोजा नाही. मार्ग: पैशाची दरखास्त, जमीन जप्ती. मुदत: बारा वर्षं, जानेवारी 2037 अखेर.

धाकटा, रस्ता. कोणी: थोरला. काय: दहा फूट, पूर्व धुरा, कुंपण काढणे. केव्हा: 30-11-2024. मार्ग: नियम 32, 32(5). मुदत: कुंपण 30-11-2027. अडथळा: मुदत नाही.

धाकटा, पाणी. कलम 6. हुकूम नाही. शंकास्पद. बोलणं करा."

पूर्ण वाक्यं नाहीत, आणि नसावीतच. प्रत्येक नोंदीत कलमाचा क्रमांक हवा, म्हणजे वाचणारा मूळ कागदावर जाऊन पडताळू शकतो. मूळ शब्द वादाचा असेल तर तो अवतरणात जसाच्या तसा. आपला अंदाज असेल तिथे "अंदाज" लिहायचं. शेवटी तारखा वेगळ्या काढून क्रमाने लावायच्या: 30 नोव्हेंबर, 12 डिसेंबर, 31 जानेवारी, 31 मार्च. त्या पक्षकाराला मोठ्या अक्षरात लिहून द्यायच्या. हुकूमनामा कोणी भिंतीला लावत नाही, तारखांची चिठ्ठी लावतात.

तडजोडच फसवून घेतली, असं कोणी म्हणालं तर

हा प्रश्न येतोच. संहितेच्या कलम 96(3) प्रमाणे संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. आदेश 23, नियम 3अ प्रमाणे तडजोड बेकायदेशीर होती म्हणून वेगळा दावाही चालत नाही. ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो. बनवारीलाल विरुद्ध चंदोदेवी या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून हे ठरलेलं आहे. पैसे कमी मिळाले, नंतर जमिनीचा भाव वाढला, ही कारणं नव्हेत. सही आपली नव्हती, वाचून न दाखवता अंगठा घेतला, कागद बदलला, असं काही असेल तर अर्ज, आणि तोही लवकर.

बाहेर दिलेले पैसे

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. थोरल्याचं म्हणणं होतं, फेब्रुवारी 2025 मध्ये घरच्या लग्नात आपण ताईला 1,20,000 रोख दिले. ताई म्हणाल्या, "सत्तर हजार देल्ले व्हते, अन् थे पोरीच्या लग्नाचा आहेर म्हणून." साक्षीदार दोन्हीकडे मंडपभर.

आदेश 21, नियम 2 इथे लागतो. कोर्टाबाहेर दिलेला पैसा कोर्टात नोंदवून घ्यावा लागतो. देणाऱ्याने त्यासाठी तीस दिवसांत अर्ज करायचा (मुदत कायदा, अनुच्छेद 125), घेणाऱ्याने स्वतः कबूल केलं तर प्रश्न नाही. नोंद नसलेला पैसा दरखास्त कोर्ट विचारात घेत नाही. आणि देणाऱ्याच्या अर्जावर नोंद व्हायची तर पैसा नियम 1 मध्ये सांगितल्या मार्गाने, म्हणजे कोर्टात, मनीऑर्डरने किंवा बँकेतून दिलेला हवा, नाहीतर कागदी पुरावा हवा. म्हणून माझ्या प्रत्येक गोषवाऱ्यात पैशाच्या नोंदीखाली तांबड्या शाईने एक ओळ असते: "बँकेतून द्या, घेणाऱ्याची पावती घ्या, तीस दिवसांत कोर्टात पुरसिस."

थोरल्याने यातलं काहीच केलं नव्हतं. ताईंनी सत्तर हजार मिळाल्याचं कबूल केलं, पण ते आहेर होते, हुकूमनाम्यापोटी नव्हते, असं सांगितलं. दरखास्त पूर्ण 2 लाखांची आणि 1 फेब्रुवारी 2025 पासूनच्या व्याजाची लागली. सोबत उत्तरेकडच्या 2 हेक्टर 4 आरच्या जप्तीचा अर्ज. पुढच्या तारखेला थोरला डिमांड ड्राफ्ट घेऊन आला आणि कोर्टात जमा करून पावती मागू लागला. त्याने पावतीची झेरॉक्स काढली, मूळ पावती घडी घालून खिशात ठेवली.